सेमिनार पेपरसाठी मुदतवाढ मागितली, त्याची गोष्ट

एमएच्या तिसऱ्या सत्रातल्या सेमिनार पेपरची मुदत शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री ११:५९ अशी होती. मला ती १९ तारखेपर्यंत वाढवून मिळाली. त्यासाठी मॅडमना पाठवलेला ईमेल आठ-दहा वाक्यांचा होता, पण तो पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर बरंच काही करावं लागलं. माझ्या वर्गात तरी ते कुणी नीट सांगत नव्हतं. 'मॅडम चांगल्या आहेत, देतील' किंवा 'अजिबात देत नाहीत, विचारूच नकोस', एवढंच ऐकायला मिळत होतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

पेपरचा विषय होता १८८४ ची वॉशिंग्टनची परिषद, जिथे ग्रिनिच हे जगाचं मूळ रेखावृत्त ठरलं. पंचवीस देश होते. ग्रिनिचच्या बाजूने बावीस मतं पडली, सान डोमिंगोने विरोध केला, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. ऑक्टोबरमध्ये सेमिनारमध्ये मी याचं सादरीकरण केलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मांडणी चांगली आहे, पण फ्रान्स तटस्थ का राहिला हे तू इंग्रजी कागदपत्रांवरूनच सांगते आहेस. त्यांच्या बाजूचं काही वाच." परिषदेत फ्रान्सच्या जान्सेन यांनी कुठल्याच देशाच्या मालकीचं नसलेलं, तटस्थ रेखावृत्त असावं असा आग्रह धरला होता. त्यामागचा फ्रान्समधला वाद एका जुन्या फ्रेंच पुस्तकात होता आणि आमच्या ग्रंथालयात ते नव्हतं.

२२ ऑक्टोबरला मी आंतरग्रंथालय सेवेचा अर्ज भरला, म्हणजे आपलं ग्रंथालय दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून पुस्तक मागवतं तो. पुस्तक ५ नोव्हेंबरला येईल असं सांगितलं होतं. ७ तारखेला, शुक्रवारी, ग्रंथालयाचा संदेश आला की त्या ग्रंथालयातल्या वाचकाने पुस्तक वेळेवर परत केलेलं नाही, आता १२ तारीख धरा. १२ ला पुस्तक हातात येणार आणि १४ ला पेपर द्यायचा. मी फ्रेंच वाचते ती कोश शेजारी ठेवून, त्यामुळे हे जमणारं नव्हतं हे उघड होतं.

त्या रात्री पहिल्यांदा उघडली ती कोर्सची आउटलाइन. सत्राच्या सुरुवातीला मिळते आणि नंतर कुणी बघत नाही ती. त्यात उशिरा येणाऱ्या कामाबद्दल एक छोटा परिच्छेद होता: उशिराच्या प्रत्येक दिवसाला पेपरच्या एकूण गुणांपैकी ५ टक्के वजा, सुट्टीचे दिवस धरून, सात दिवसांनंतर पेपर स्वीकारला जाणार नाही, मुदतवाढ हवी असल्यास किमान ४८ तास आधी लेखी विनंती करावी. पेपर साठ गुणांचा. म्हणजे दिवसाला तीन गुण. शनिवार-रविवार धरून पाच दिवस उशीर झाला तर पंधरा गुण गेले. हा हिशोब कागदावर मांडल्यावरच मला कळलं की 'थोडा उशिरा देऊ, काय होतंय' हा पर्याय माझ्यासाठी नाही. पण एखादा दिवसच हवा असता तर मी कदाचित विचारलंही नसतं, तीन गुण सोडून दिले असते. विनंती करण्याआधी ही किंमत काढून बघा. काही ठिकाणी दंडच नसतो आणि काही ठिकाणी एक मिनिट उशीर झाला तरी शून्य असतं, त्यामुळे मैत्रिणीचा दुसऱ्या कोर्समधला अनुभव इथे उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट बघितली ती म्हणजे मुदत वाढवण्याचा अधिकार कुणाचा. आमच्याकडे सत्र संपेपर्यंत तो शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा असतो. गुण परीक्षा विभागाकडे पाठवायची तारीख मात्र विद्यापीठ ठरवतं, आणि त्या तारखेच्या पुढे कितीही चांगल्या मॅडम असल्या तरी त्यांच्या हातात काही नसतं. त्यापलीकडे वेळ हवा असेल तर कार्यालयात वेगळा अर्ज, त्याला पुरावे, आणि गुणपत्रिकेवर 'अपूर्ण' असा शेरा. आमच्या वर्गातल्या एकाला अपघातानंतर तेच करावं लागलं होतं, आणि त्याने प्राध्यापकांना पाठवलेले ईमेल वाया गेले, कारण ते काम त्यांचं नव्हतंच. शैक्षणिक दिनदर्शिकेत गुण पाठवायची शेवटची तारीख २८ नोव्हेंबर दिसली. म्हणजे मॅडमना वीस-बावीस पेपर वाचून २८ च्या आत गुण भरायचे होते. मी कुठली तारीख मागायची हे इथून ठरलं. मला मनातून २४ हवी होती. पण २४ ला दिलेला पेपर त्यांना बाकीचा गठ्ठा संपल्यावर वेगळा, घाईत वाचावा लागला असता. २० मागायची ठरवली.

ईमेल त्याच रात्री लिहायला घेतला आणि अर्थातच तो भलताच लांब झाला. पुस्तक कसं शोधलं, ग्रंथालयाचे संदेश, मला फ्रेंच किती येतं, मला या विषयाची किती आवड आहे, मध्ये दोनदा क्षमस्व, शेवटी 'आपण समजून घ्याल अशी आशा आहे'. रूममेटने वाचला आणि म्हणाली, "अगं, एवढं कोण वाचणार? आजारी आहे म्हणून लिहून टाक, विषय संपला."

आजारपणाचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी घेतला नाही, आणि त्यात साधुपणा काही नव्हता. आजारी म्हटलं की प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, आणि मग एका ईमेलचं प्रकरण होतं. शिवाय माझं खरं कारणच जास्त भक्कम होतं: मॅडमनीच सुचवलेलं वाचन, वेळेत केलेला अर्ज, आणि दुसऱ्या ग्रंथालयाकडून झालेला उशीर, ज्याच्या तारखा लेखी होत्या. प्राध्यापकांच्या बाजूनेही विचार करा. एकाला मुदत दिली की बाकीचे विचारतात, 'मग मला का नाही?' त्यांना चारचौघांत सांगता येईल असं कारण हवं असतं. 'या आठवड्यात बाकी विषयांचंही काम आहे' हे कारण कितीही खरं असलं तरी ते वर्गातल्या प्रत्येकाचं आहे, म्हणून चालत नाही. खरंच आजारी असाल तर मात्र सरळ तसं लिहावं, एका वाक्यात, लक्षणांचं वर्णन न करता.

लांब मसुद्यातून मी एकेक वाक्य उचलून स्वतःला विचारत गेले की मॅडमना हो किंवा नाही म्हणायला हे लागणार आहे का. बहुतेक वाक्यं त्यात गळाली. आवडीबद्दलचं गेलं, फ्रेंचचं गेलं, दोन्ही क्षमस्व गेले. उरलं ते असं:

विषय: सेमिनार पेपरसाठी मुदतवाढीची विनंती (१४ ऐवजी २० नोव्हेंबर), इतिहास सेमिनार, सत्र ३

आदरणीय मॅडम,

१८८४ च्या मूळ रेखावृत्त परिषदेवरच्या माझ्या पेपरसाठी १४ नोव्हेंबरऐवजी गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी ५ पर्यंत मुदत मिळू शकेल का?

सादरीकरणानंतर आपण फ्रेंच बाजू वाचायला सांगितली होती. त्यासाठीचं पुस्तक मी २२ ऑक्टोबरला आंतरग्रंथालय सेवेतून मागवलं. ते ५ नोव्हेंबरला येणार होतं, पण ग्रंथालयाने आता १२ नोव्हेंबर ही तारीख कळवली आहे.

पेपरच्या पाचपैकी तीन भाग लिहून झाले आहेत (४००० पैकी सुमारे २६०० शब्द). चौथा भाग या पुस्तकावर अवलंबून आहे.

मुदत वाढवणं शक्य नसेल, तर चौथा भाग उपलब्ध साधनांपुरता ठेवून मी १४ तारखेलाच पेपर जमा करेन.

आपली,
(नाव, रोल नंबर)

मागणी पहिल्याच वाक्यात आहे, आणि याबद्दल मी बराच वेळ अडले होते. आपल्याला आधी कारण सांगून मग हळूच मागायची सवय असते. एकदम मागणं उद्धट वाटतं. पण मॅडम ईमेल फोनवर, दोन तासांच्या मधल्या वेळेत वाचतात. विषयाच्या ओळीत दोन्ही तारखा आणि पहिल्या वाक्यात प्रश्न असला की त्यांना उघडल्या उघडल्या कळतं की ठरवायचं काय आहे. नुसतं 'मुदतवाढीबाबत' किंवा 'एक विनंती' असं विषयात लिहिलं तर तो ईमेल नंतर शोधतानाही सापडत नाही. आणि 'थोडे दिवस मिळतील का' असं विचारलं तर किती दिवस हे ठरवायचं काम आपण त्यांच्यावर टाकतो.

कुठपर्यंत काम झालं हे मात्र आकड्यासकट लिहिलं. 'बरंचसं झालं आहे' हे सगळेच लिहितात. शब्दसंख्या दिली की समोरच्याला पाच-सहा दिवसांत उरलेलं होईल की नाही हे दिसतं. लिहिलेला भाग सोबत जोडावा का, यावर रूममेट आणि मी वाद घातला. मी नाही जोडला. जोडपत्र म्हणजे वाचायचं आणखी एक काम, आणि अर्धवट मसुद्यावरून त्यांचं मत आधीच बनायला नको. मागितला असता तर पाठवायची तयारी होती. ग्रंथालयाचे संदेशही तसेच फोल्डरमध्ये काढून ठेवले होते.

शेवटचं वाक्य, 'शक्य नसेल तर १४ तारखेलाच', हे लिहिताना हात आखडत होता. असं वाटतं की आपणच नकाराची वाट मोकळी करून देतोय. रूममेटही तेच म्हणाली. मी ते ठेवलं, कारण ते खरंच करायची माझी योजना होती, आणि त्यामुळे विनंतीचा सूर 'नाही म्हणालात तर मी बुडाले' असा होत नाही.

शुक्रवारी रात्री लिहून झालेला ईमेल सोमवारी, १० तारखेला, सकाळी नऊला पाठवला. शनिवार-रविवारच्या इनबॉक्समध्ये तो खाली गेला असता. ४८ तासांच्या अटीच्या बराच आधी होता आणि विद्यापीठाच्या पत्त्यावरून होता. आमच्याकडे बाहेरच्या पत्त्यावरून आलेले ईमेल कधीकधी थेट स्पॅममध्ये जातात. विभागप्रमुखांना प्रत पाठवली नाही. एकजण सांगत होता की पाठवली की काम लवकर होतं. होतही असेल, पण जी गोष्ट मॅडमच्या अधिकारात आहे त्यात वरच्यांना आणणं म्हणजे विचारायच्या आधीच तक्रार केल्यासारखं दिसतं.

सोमवारी उत्तर नाही. मंगळवारीही नाही. या दोन दिवसांत मी पाठवलेला ईमेल इतक्यांदा वाचला की त्यातला प्रत्येक शब्द आगाऊ वाटायला लागला. मंगळवारी संध्याकाळी तर 'मिळू शकेल का' च्या जागी 'कृपया मिळावी' लिहायला हवं होतं का यावर मी रूममेटचं डोकं खाल्लं.

या मधल्या वेळात काय करायचं हे आधी ठरवलं होतं ते बरं झालं. उत्तर येईपर्यंत मुदत १४ च आहे असं धरायचं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. म्हणून मी चौथा भाग पुस्तकाशिवाय लिहायला घेतला: परिषदेच्या छापील कामकाजात जान्सेन यांची भाषणं आहेत, आणि फ्रान्सने पुढे १९११ मध्ये कायदा करून पॅरिसची वेळ ९ मिनिटं २१ सेकंदांनी मागे घेतली, म्हणजे ग्रिनिचचं नाव न घेता ग्रिनिचचीच वेळ स्वीकारली. एवढ्यावर पातळ का होईना, पण एक भाग उभा राहत होता. लवकर विचारण्याचा खरा उपयोग हाच. नकार आला असता तरी हातात दोन-तीन दिवस आणि एक देण्याजोगा पेपर होता. मुदतीच्या आदल्या रात्री विचारलं की नकार आणि गप्प बसणं दोन्ही सारखंच महागात पडतं.

बुधवारी दुपारी तीन ते चार मॅडमची भेटायची वेळ असते. तोवर उत्तर नाही आलं तर केबिनमध्ये जाऊन विचारायचं, आणि त्याच ईमेलच्या उत्तरात दोन ओळींची आठवण पाठवायची असं ठरवलं होतं. नवा ईमेल सुरू केला की त्यांना आधीचं संदर्भासाठी शोधावं लागतं. पण बुधवारी सकाळीच उत्तर आलं:

"१९ च्या रात्रीपर्यंत चालेल. २० पासून मी वाचायला बसते आहे. त्यापुढे नाही. पुस्तक आलं की प्रस्तावना आधी वाच."

मी मागितलेल्यापेक्षा एक दिवस कमी, पण गुण कापण्याचा उल्लेख नाही. मी लगेच उत्तर दिलं: "धन्यवाद मॅडम. बुधवार, १९ नोव्हेंबर, रात्री ११:५९ पर्यंत, गुणकपातीशिवाय, असं मी समजते आहे. पोर्टलवर अजून १४ तारीख दिसते आहे. तिथे बदल करावा लागेल का?"

हे वाक्य चिकटपणाचं वाटेल, पण ते लिहायची दोन कारणं होती. एक म्हणजे '१९ ची रात्र'. पोर्टलवर १९ तारीख ००:०० अशी भरली तर ती १८ ची मध्यरात्र होते, आणि आपला एक अख्खा दिवस जातो. म्हणून वार, तारीख आणि ११:५९ तिन्ही लिहायचं. दुसरं कारण पोर्टल. आमचं पोर्टल मूडलवर चालतं. त्यात प्रत्येक असाइनमेंटला दोन तारखा असू शकतात. एक Due date, जिच्यानंतर दिलेलं काम उशिरा म्हणून नोंदलं जातं, आणि दुसरी Cut-off date, जिच्यानंतर अपलोडच होत नाही. आमच्या पेपरला पहिली १४ आणि दुसरी २१ होती. म्हणजे मी १९ ला पेपर बिनतक्रार अपलोड करू शकले असते, पण नोंदीत तो पाच दिवस उशिरा दिसला असता. आणि आमचे गुण पत्रकात भरतात मॅडमचे सहायक, त्या नोंदीकडे बघून. त्यांना मॅडमचा ईमेल माहीत असण्याचं कारण नाही. पंधरा गुण असे कुणाच्याही वाईट हेतूशिवाय गेले असते, आणि ते परत मिळवायला सत्र संपल्यावर अर्ज करत बसावं लागलं असतं.

मूडलमध्ये शिक्षकांना एकेका विद्यार्थ्यासाठी Grant extension असा पर्याय असतो. मॅडमनी गुरुवारी दुपारी तो वापरला असावा, कारण संध्याकाळी माझ्या पानावर Extension due date समोर १९ नोव्हेंबर, रात्री ११:५९ दिसायला लागलं. बाकीच्यांच्या पानावर १४ च होती. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून मॅडमच्या उत्तराशेजारी ठेवला. तुमच्याकडे मूडल नसेल, तरी तोंडी किंवा ईमेलवरचा होकार यंत्रणेत उतरलाय की नाही हे मूळ मुदतीच्या आधी बघून घ्या. नंतर दुरुस्ती होते, पण वेळ खाते.

पुस्तक १२ लाच आलं, संध्याकाळी. प्रस्तावना आधी वाचली. शनिवार-रविवार चौथ्या भागात गेले, सोमवारी-मंगळवारी पाचवा भाग आणि संदर्भयादी. वर्गात कुणी विचारलं तर मुदतवाढ मिळाल्याचं लपवलं नाही, पण आपणहून सांगतही फिरले नाही. एका मैत्रिणीने गुरुवारी रात्री माझाच मजकूर नावं बदलून मॅडमना पाठवायचा का असं विचारलं. तिला कारण वेगळं होतं आणि ४८ तासांची अटही उलटून गेली होती. ती वेळ निघून गेली असेल तर असा नेटका ईमेल उलट खटकतो. तिथे उशिरा विचारते आहे हे पहिल्या वाक्यात मान्य करून एकच दिवस मागितलेला बरा. तिने तसं केलं, आणि तिला शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला, गुणकपातीसह.

१९ ला रात्री साडेनऊला मी पेपर अपलोड केला, पाठोपाठ डाउनलोड करून उघडून बघितला आणि मॅडमना त्याच ईमेलच्या साखळीत एक ओळ पाठवली की पेपर जमा केला आहे. त्याला उत्तर आलं नाही, येण्याची गरजही नव्हती. गुण २७ तारखेला लागले, कपात नव्हती. सगळ्यात जास्त शेरे चौथ्या भागावर होते. जान्सेन यांचा मुद्दा मी नको इतक्या सहानुभूतीने मांडलाय, असं मॅडमचं म्हणणं पडलं.